नंबर तुमचा, खाती दुसऱ्याची: पुन्हा वाटलेला मोबाइल नंबर मिळाला तर काय करायचं

नवं सिम घातलं, फोन सुरू केला आणि तासाभरात मेसेज आला: "तुमचा तपासणी अहवाल तयार आहे." कसली तपासणी, मला काही कळेना. संध्याकाळी एका बँकेचे दोन मेसेज आले, कुणाच्या तरी खात्यातून पैसे गेल्याचे. त्या बँकेत माझं खातंच नाही. मला आधी वाटलं ही फसवणूक आहे. ती नव्हती. मेसेज अस्सल होते, फक्त माणूस चुकीचा होता. माझ्या आधी हा नंबर कुणीतरी वापरत होतं, आणि त्याच्या अर्ध्या आयुष्याला हा नंबर अजून चिकटलेला होता.

दुकानात 'नवा नंबर' म्हणून जो मिळतो तो बऱ्याचदा जुनाच असतो. नंबर ठरावीक आकड्यांचे असल्यामुळे ते संपतात. म्हणून कुणी नंबर सोडला, किंवा रिचार्ज न झाल्यामुळे तो बंद पडला, की कंपनी तो काही काळ बाजूला ठेवते आणि मग पुन्हा वाटते. या बाजूला ठेवण्याच्या काळाचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. भारतात तो किमान ९० दिवसांचा आहे, अमेरिकेत किमान ४५. दीड ते तीन महिने तसे पुरेसे वाटतात. पण सहा महिन्यांतून एकदा मेसेज पाठवणारा दवाखाना किंवा वर्षातून एकदा आठवण करणारी विमा कंपनी या काळात जागीही होत नाही.

## मेसेज चुकतो कसा

सिमकार्डाची स्वतःची एक वेगळी ओळख असते, साधारण पंधरा आकड्यांची. आपल्याला ती कधी दिसत नाही. तुमचा मोबाइल नंबर आणि ही ओळख यांची जोडी मोबाइल कंपनीच्या नोंदवहीत लावलेली असते. नंबर सोडला की जोडी तुटते, आणि तोच नंबर दुसऱ्याला दिला की त्याच्या सिमशी नवी जोडी लागते. मेसेज पाठवणारा फक्त नंबर लिहितो. तो आज कुठल्या सिमवर आहे हे नेटवर्क बघतं आणि तिथे पोचवतं. या व्यवहारात चूक कुणाचीच नाही.

घोटाळा दुसऱ्या वहीत आहे. बँक, दवाखाना, टॅक्सीचं ॲप, ईमेल कंपनी, प्रत्येकाकडे स्वतःची ग्राहकांची यादी असते, आणि त्यात कधीतरी लिहिलेला नंबर तसाच पडून असतो. मोबाइल कंपनीच्या वहीत मालक बदलला म्हणून या याद्या आपोआप बदलत नाहीत. मधल्या काळात नंबर बंद असताना मेसेज पोचत नव्हते, एवढा इशारा पाठवणाऱ्याला मिळालेला असतो. पण फोन बंद असला तरी मेसेज अडतो, त्यामुळे तेवढ्यावरून कुणी ग्राहकाचा नंबर पुसत नाही.

हे दुरुस्त करायचे प्रयत्न झालेले आहेत. अमेरिकेत २०२१पासून पुन्हा वाटलेल्या नंबरांची एक मध्यवर्ती नोंद चालते, आणि फोन करणाऱ्या कंपन्यांना ती तपासता येते. भारतात कायमच्या बंद झालेल्या नंबरांची यादी निघते. पण यादी असणं वेगळं आणि ती रोज उघडून आपल्या ग्राहकांशी ताडून बघणं वेगळं.

हे किती सर्रास होतं याचा अंदाज २०२१ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या केव्हिन ली आणि अरविंद नारायणन यांच्या अभ्यासातून येतो. त्यांनी अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्या नव्या ग्राहकांना देऊ करत असलेले २५९ नंबर तपासले. त्यातले १७१ नंबर कुठल्या ना कुठल्या लोकप्रिय संकेतस्थळावरच्या चालू खात्याला जोडलेले निघाले.

## नंबर तीन कामं करतो

पुढच्या सगळ्या पायऱ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून इथे जरा थांबू. खात्याशी जोडलेला नंबर तीन वेगळी कामं करतो, आणि धोका कोणत्या कामात आहे ते ओळखलं की काय करायचं ते आपोआप ठरतं.

कधी तो नुसती टपालपेटी असतो. दवाखान्याचा मेसेज, हप्त्याची आठवण. इथे माहिती बाहेर जाते, पण खातं उघडत नाही.

कधी तो दुसरं कुलूप असतो. आधी पासवर्ड, मग मेसेजवर आलेला ओटीपी. नुसता नंबर हातात असून इथे आत जाता येत नाही. पण जुन्या मालकाचा पासवर्ड कुठल्या चोरीत आधीच बाहेर पडलेला असेल, तर दोन्ही वस्तू एकाच हाताला लागतात. वरच्या अभ्यासात २५९ पैकी १०० नंबर अशाच फुटलेल्या पासवर्डांशी जोडलेले सापडले होते.

आणि कधी तो एकटाच किल्ली असतो. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं, ओटीपी आला, नवा पासवर्ड ठरवला, झालं. किंवा ज्या ॲपना पासवर्डच नसतो, नंबर आणि ओटीपी टाकला की थेट आत, तिथेही हेच. सगळ्यात वाईट प्रकार हा, आणि नव्या मालकाची गाठ नेमकी याच्याशी पडते.

## पहिला आठवडा: नंबर नवा घेतला असेल तर

सिम घेतल्याची पावती आणि नंबर सुरू झाल्याची तारीख जपा. पुढे वसुलीवाला फोन करील किंवा एखादी कंपनी पुरावा मागेल, तेव्हा 'हा नंबर अमुक तारखेपासून माझा आहे' एवढं एक वाक्य पुराव्यासह सांगता आलं पाहिजे. पावतीचा फोटो काढून ठेवला तरी चालतं.

पहिले सात दिवस हा नंबर कुठल्याही महत्त्वाच्या ठिकाणी देऊ नका. बँकेत तर नाहीच. आधी बघा काय काय येतं. मी एका वहीत तीन रकाने केले: कोणाकडून, कशाबद्दल, कोणतं काम. आठवड्यात नऊ नोंदी झाल्या. सहा टपालपेटीच्या होत्या, दोन ओटीपीच्या आणि एक आत घेऊन जाणारी. नंबर फारच बरबटलेला दिसला तर याच आठवड्यात परत करून दुसरा मागणं सोपं जातं. एकदा तो शंभर ठिकाणी दिला की अशक्य.

मेसेजमधल्या लिंका उघडू नका. अहवालाची लिंक खरी असली तरी तो अहवाल दुसऱ्याचा आहे. आणि खोटी असली तर प्रश्नच नाही. पाठवणाऱ्याला कळवायचं असेल तर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून नंबर शोधा आणि सांगा. मी तपासणी केंद्राला फोन केला, त्यांनी दोन मिनिटांत नंबर काढला. बँकेला मात्र तीनदा फोन करावे लागले. बँकेची अडचणही खरी आहे. ग्राहक नसलेल्या माणसाच्या सांगण्यावरून ग्राहकाचा नंबर पुसणं तिला परवडत नाही. म्हणून तिथे 'नंबर काढा' म्हणण्यापेक्षा असं सांगा: "हा नंबर अमुक तारखेपासून माझ्याकडे आहे, तुमच्या शेवटचे आकडे अमुक असलेल्या खात्याचे मेसेज मला येतात. त्या ग्राहकाला दुसऱ्या मार्गाने कळवा आणि या तक्रारीचा क्रमांक मला द्या." तक्रार क्रमांक मागितला की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

### मेसेजिंग ॲप

आता सगळ्यात विचित्र वाटणारा प्रकार. तुमच्या नव्या नंबरावर व्हॉट्सॲप अजून उघडलेलंच नाही, आणि मित्र सांगतो, "तुझ्या नंबरावर कुणाचा तरी फोटो दिसतोय." याचा अर्थ जुन्या मालकाचं खातं अजून शिल्लक आहे. कदाचित तो ते आजही वापरतोय. कारण हे ॲप नंबर तपासतं ते खातं सुरू करताना. नंतर सिम काढलं, फोन नुसत्या वायफायवर चालवला, तरी खातं चालू राहू शकतं.

व्हॉट्सॲपचा नियम असा की खातं ४५ दिवस निष्क्रिय राहिलं आणि मग तोच नंबर दुसऱ्या फोनवर सुरू झाला, तर नंबराचा मालक बदलला असं धरून जुना फोटो वगैरे माहिती काढून टाकली जाते. पण जुना मालक वायफायवर रोज गप्पा मारत असेल तर ते निष्क्रिय होतच नाही, आणि हा नियम लागू पडत नाही.

तुम्ही तुमच्या नंबरावर आलेला सहा आकडी कोड टाकला की त्याच्या फोनवरचं खातं बंद होतं. त्याचे जुने संवाद तुम्हाला दिसत नाहीत, कारण ते त्याच्या फोनमध्ये किंवा त्याच्या बॅकअपमध्ये असतात. पण यापुढे त्या नंबरावर कुणी लिहिलं तर ते तुमच्याकडे येईल. एखाद्या ग्रुपमध्ये असल्याचं दिसलं तर न वाचता बाहेर पडा.

मी कोड टाकल्यावर ॲपने आणखी एक सहा आकडी पिन मागितला. हा 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा पिन. तो जुन्या मालकाने ठरवलेला असतो, आणि नंबर तुमचा असला तरी तो तुम्हाला कळण्याचा मार्ग नाही. अंदाजाने आकडे टाकत बसू नका. सात दिवस थांबलं की पिनशिवाय आत जाता येतं. मी थांबलो. आत गेल्यावर पहिलं काम एकच केलं: स्वतःचा पिन ठरवला आणि सोबत ईमेल जोडला.

टेलिग्रामचं थोडं निराळं आहे. त्याचे संवाद कंपनीच्या सर्व्हरवर असतात, म्हणजे नंबर आणि कोड एवढ्यावर दुसऱ्याचं जुनं बोलणं दिसू शकतं. जुन्या मालकाने वेगळा पासवर्ड लावलेला नसेल तर तुम्ही थेट त्याच्या खात्यात उभे असता. तसं झालं तर बाहेर पडा.

### 'तो माझा जुना नंबर आहे, एक ओटीपी सांगता का?'

तिसऱ्या दिवशी मला असा फोन आला. माणूस बोलायला चांगला होता, घाईत होता, आणि जे सांगत होता ते पटण्यासारखं होतं. खरंच जुना मालक असेलही. पण मी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका.

फोनवरचा माणूस जुना मालक आहे की त्याचा पासवर्ड हाती लागलेला कुणी चोर, हे तुम्हाला ठरवता येत नाही. चोरालाही नेमकं हेच वाक्य बोलायचं असतं. शिवाय आलेला ओटीपी त्याच्याच खात्याचा आहे कशावरून? तुमच्या नंबरावर तुमच्याच नावाने खातं उघडायचा प्रयत्न चाललेला असू शकतो. मी त्याला म्हटलं, "त्या कंपनीकडे ओळखपत्र घेऊन जा आणि नंबर बदलून घ्या. तुमच्या बँकेचे मेसेजही इकडे येतायत, ते आधी बघा." तो गप्प झाला. मग म्हणाला, "बँकेचे पण?" तेव्हा मला वाटलं की माणूस खराच होता. त्या आठवड्याच्या शेवटी बँकेचे मेसेज थांबले. माझ्या तीन फोनांमुळे की त्याच्यामुळे, कोण जाणे.

### नोंदणी करताना 'हा नंबर आधीच नोंदलेला आहे'

इथे बहुतेक जण 'पासवर्ड विसरलात?' दाबतात. नंबर माझा, ओटीपी माझ्याकडे आला, मग बिघडलं काय? बिघडतं ते असं की पासवर्ड बदलून तुम्ही दुसऱ्याच्या खात्यात शिरता, आणि तो बाहेर फेकला जातो. हेतू चांगला असला तरी हे परक्याच्या खात्यात विनापरवानगी जाणंच आहे.

ईमेलने खातं उघडायची सोय असेल तर ते उघडा आणि मग आतून आपला नंबर जोडा. बऱ्याच ठिकाणी ओटीपीने खात्री झाली की नंबर जुन्या खात्यापासून सुटून तुमच्याकडे येतो, आणि जुन्या मालकाचं खातं त्याच्या ईमेलवर शाबूत राहतं. दोघांचंही नुकसान नाही.

अवघड ते ॲप जिथे नंबर हीच ओळख आहे. माझं टॅक्सीच्या ॲपचं असंच झालं. नंबर टाकला, ओटीपी टाकला, आणि समोर एका अनोळखी बाईंचं नाव, 'घर' म्हणून ठेवलेला पत्ता, शेवटचे चार आकडे दिसणारं कार्ड. माझा फोनवाला त्यांच्या घरचाच असावा.

पहिला मोह असा होतो की नाव बदलावं, कार्ड काढावं आणि खातं आपलं म्हणून वापरावं. हे करू नका, आणि ते फक्त सभ्यतेसाठी नाही. त्या खात्याला जुन्या मालकाचा ईमेल जोडलेला असेल तर तो ईमेलवरून अजूनही आत येऊ शकतो. मग तुमचं कार्ड, तुमचा घरचा पत्ता, तुम्ही रोज कुठून कुठे जाता हे सगळं त्याला दिसेल. एका खोलीच्या दोन किल्ल्या दोन अनोळखी लोकांकडे, अशी ती अवस्था. खातं स्वतःहून कायमचं पुसणंही बरोबर नाही. त्यात त्यांचे शिल्लक पैसे किंवा पावत्या असू शकतात.

मी त्या ॲपच्याच मदत विभागात लिहिलं: "हे खातं माझं नाही. नंबर अमुक तारखेला मला मिळाला. या खात्यापासून नंबर सोडवा, म्हणजे मला नवं खातं उघडता येईल." पावतीचा फोटो जोडला आणि लॉगआउट केलं. तीन दिवस लागले. नंतर तोच नंबर टाकल्यावर कोरा फॉर्म समोर आला. काम झालं हे ओळखायची खूण हीच: नाव विचारणारा कोरा फॉर्म.

## उलट बाजू: नंबर सोडणार असाल तर

इथे त्या बाईंच्या जागी तुम्ही आहात. नंबर सोडण्याचा दिवस ठरवण्याआधी निदान दोन महिने जुना आणि नवा असे दोन्ही चालू ठेवा. रिचार्ज न करता नंबर आपोआप मरू देणं हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण तो नेमका कधी गेला हेही कळत नाही. घरातलं कुणी वारलं असेल तर त्यांचंही सिम लगेच बंद करू नका. त्यांच्या खात्यांची कामं उरकेपर्यंत ओटीपी त्याच नंबरावर येत राहणार आहेत.

नंबर कुठे कुठे दिला हे आठवत बसू नका, आठवणार नाही. यादी तुमच्या मेसेजच्या डब्यात तयारच आहे. तिथे ओटीपी, कोड, खातं, पासवर्ड हे शब्द एकेक करून शोधा, मराठीत आणि इंग्रजीतही, आणि पाठवणाऱ्यांची नावं लिहून काढा. मेसेज अधूनमधून पुसायची सवय असेल तर ही यादी अपुरी निघेल. तेव्हा पासवर्ड जिथे साठवता तिथली यादीही सोबत घ्या.

मग क्रम. पहिला ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड शेवटी तिथूनच बदलतात. ईमेल जुन्या नंबराने उघडत असेल तर इतर ठिकाणची मेहनत वाया. त्यानंतर बँक आणि पैशांची ॲप. मग मेसेजिंग: व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये `Change number` आहे, त्याने खातं आणि ग्रुप नव्या नंबरावर जातात. नुसतं नव्या नंबराने वेगळं खातं उघडलं तर जुनं तसंच मागे राहतं. बाकीची दुकानं आणि ॲप सगळ्यात शेवटी.

प्रत्येक ठिकाणी नवा नंबर आधी जोडा, चालतो का बघा, मगच जुना काढा. उलट केलंत तर दोन्हीच्या मध्ये अडकाल. जुना काढायचा म्हणजे यादीतून खरंच पुसायचा. कित्येक ठिकाणी नवा नंबर 'मुख्य' होतो आणि जुना 'पर्यायी' म्हणून खाली गुपचूप बसून राहतो. पासवर्ड परत मिळवायच्या पानावर तो हमखास सापडतो. जिथे सोय असेल तिथे दुसऱ्या कुलपाचं काम नंबराकडून काढून फोनवरच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपकडे किंवा बोटाच्या ठशाने वा फोनच्या पिनने उघडणाऱ्या पासकीकडे द्या, आणि फोन हरवला तर आत जाण्यासाठी मिळालेले रिकव्हरी कोड कागदावर उतरवून ठेवा. ही कुलपं नंबरासोबत दुसऱ्याकडे जात नाहीत.

सगळं झालं असं वाटलं की एक परीक्षा घ्या. जुनं सिम फोनमधून काढून आठवडाभर खणात ठेवा, नंबर मात्र चालू असू द्या. नेहमीची कामं करा. एकदा ईमेलमधून आणि बँकेच्या ॲपमधून बाहेर पडून पुन्हा आत जा. कुठेतरी अडाल, आणि पडद्यावर जुन्या नंबराचे शेवटचे आकडे दिसतील. सिम परत घाला, तेवढी गाठ सोडवा, पुन्हा काढा. अख्खा आठवडा कुठेही न अडता गेला की मग नंबर सोडा. वर्षातून एकदाच उघडणारी खाती मात्र या परीक्षेतून निसटतात, ती यादी बघूनच धरावी लागतात.

माझ्या वहीत आता एकच नोंद उरली आहे. दर महिन्याच्या सुरुवातीला एका वाचनालयाचा मेसेज येतो: पुस्तक परत करायची मुदत संपली. मी दोनदा कळवलं, ते दोन्ही वेळा हो म्हणाले. पुस्तक अजून त्या बाईंकडेच असावं.